रेषा गोलाला कुठे छेदते: वर्गसमीकरण फ्लोटमध्ये न बिघडवता कसे सोडवावे

समीकरण मांडणे सोपे आहे. किरण `O + tD`, गोलाचा मध्य `C`, त्रिज्या `r`. `L = O - C` घ्या, म्हणजे `a = D·D`, `b = D·L`, `c = L·L - r²` आणि समीकरण `at² + 2bt + c = 0`. मधल्या पदातला 2 मुद्दाम बाहेर ठेवलाय, त्यामुळे विवेचक नुसता `b² - ac` राहतो. तो ऋण आला की रेषा गोलाला लागत नाही.

इथपर्यंत कुणी चुकत नाही. पुढे शाळेतले सूत्र, `(-b ± √(b² - ac)) / a`, जसेच्या तसे कोडमध्ये टाकले की घोळ सुरू होतो. पृथ्वीएवढा गोल काढताना माझी जमीन पायऱ्यापायऱ्यांची दिसायची आणि मी कितीतरी दिवस दोष प्रकाशाच्या गणितात शोधत बसलो होतो. दोष वजाबाकीत होता.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. त्रिज्या 6371000 मीटर, डोळा जमिनीपासून 2 मीटरवर, दिशा (0.8, -0.6, 0). दिशेची लांबी 1 आहे, म्हणून `a` = 1. जमीन 2 ÷ 0.6, म्हणजे 3.3333 मीटरवर लागली पाहिजे. एवढ्या अंतरात पृथ्वीची वक्रता जाणवतही नाही. 32 बिटांच्या फ्लोटमध्ये `b` येतो -3822601.25 आणि वर्गमूळ 3822598.0. वजाबाकी केली की उत्तर 3.25. एवढ्या मोठ्या आकड्यांना फ्लोट पाव मीटरपेक्षा बारीक मोजतच नाही, म्हणून उत्तर 3.25 किंवा 3.5 असेच येणार. पडद्यावरच्या पायऱ्या त्याच.

उपाय असा, की जवळपास सारख्या दोन संख्यांची वजाबाकी करायचीच नाही. दोन मुळांपैकी एकात `b` आणि वर्गमूळ यांची बेरीज होते. ते मूळ बिनधोक काढता येते. दोन्ही मुळांचा गुणाकार `c/a` असतो, म्हणून दुसरे मूळ भागाकाराने मिळते.

```c
float s = sqrt(disc);
float q = (b < 0.0) ? (s - b) : -(s + b);
float t1 = q / a;
float t2 = (q == 0.0) ? 0.0 : c / q;
```

चिन्हासाठी `sign(b)` वापरू नका. GLSL मध्ये `sign(0.0)` शून्य देते. किरण `L` ला काटकोनात असला की `b` शून्य होतो, मग `q` ही शून्य, आणि गोल छेदला जात असूनही उत्तराचा पत्ता नाही. वरची अट लिहिली की ही अडचण उरत नाही. `q` खरोखर शून्य फक्त तेव्हाच येतो जेव्हा किरण गोलावरच सुरू होऊन त्याला स्पर्श करून जातो. तिथे दोन्ही मुळे शून्यच असतात.

बहुतेक लेख इथेच थांबतात आणि मला राग येतो तो याचाच. वरचेच उदाहरण या सूत्रात घाला: `c` जर `L·L - r²` असा काढलात तर उत्तर येते 3.29. सूत्र बदलूनही चूक राहिली, कारण तीच वजाबाकी आता `c` मध्ये जाऊन बसली आहे. `L·L` आणि `r²` दोन्ही 40 लाख कोटींच्या वर. तिथे फ्लोटची पायरी 4194304 ची आहे. खरा `c` 25484004, हाती लागतो 25165824. म्हणून मी डोळ्याची जमिनीपासूनची उंची `k` वेगळी साठवतो आणि `c = k * (2*r + k)` असा काढतो. आता `c / q` म्हणजे 25484004 ÷ 7645199, उत्तर 3.3333.

ही उंची `L` वरून काढायला जाऊ नका. पृथ्वीच्या मध्यापासून मोजलेली जागा फ्लोटमध्ये अर्ध्या मीटरच्या टप्प्यानेच साठते, 1.7 मीटरवरचा डोळा तिथे 1.5 वर येतो आणि गेलेले अंक कुठलेच सूत्र परत आणत नाही. डबल वापरता येत असेल तर एवढ्या आकड्यांना हा त्रास जाणवणार नाही, पण ग्राफिक्स कार्डावर डबल बहुधा फार हळू चालते.

लहान गोल खूप दूर असेल तर दुखणे वेगळे असते. तिथे विवेचकच बिघडतो आणि गोलाची कड खरखरीत दिसते. मग विवेचक `a * (r² - |L - (b/a)D|²)` असा काढा. बीजगणिताने तोच आहे, फक्त प्रचंड आकडे वर्ग करण्याआधीच एकमेकांतून गेलेले असतात.

शेवटी `t1`, `t2` लहान-मोठे लावून सर्वांत लहान धन मूळ घ्या. तपासायला हेच उदाहरण चालवा आणि `t` छापा: 3.25 आले तर जुने सूत्र कुठेतरी राहिले आहे, 3.29 आले तर `c` बघा.