या चुका टाळा: इनपुट कॅप्चरने अंतर मोजताना समोर नसलेली भिंत का दिसते

प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की माझ्याकडे एकच तक्रार घेऊन मुलं येतात. "सर, सेन्सर खराब निघाला, मधूनच काहीतरी भलतंच दाखवतो." मी पहिला प्रश्न विचारतो, "कच्चे काउंट किती येतायत?" त्यावर बहुतेक वेळा शांतता असते, कारण स्क्रीनवर फक्त सेंटिमीटर छापलेले असतात. सेंटिमीटर हा शेवटचा आकडा आहे. चूक त्याच्या बरीच आधी झालेली असते आणि भागाकार केला की ती झाकली जाते.

इथे मी आर्डुइनो उनोवरचा एटीमेगा328पी मायक्रोकंट्रोलर आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा एचसी-एसआर04 सेन्सर ही जोडी धरून बोलतोय. ट्रिगर पिनला 10 मायक्रोसेकंदांचा पल्स दिला की मॉड्यूल 40 किलोहर्ट्झच्या आठ लहरी सोडतं, एको पिन हाय करतं आणि प्रतिध्वनी परत आला की लो करतं. पिन जितका वेळ हाय राहिली, तितका वेळ आवाजाला जाऊन परत यायला लागला. हा वेळ मायक्रोसेकंदांत घेऊन 58 ने भागला की सेंटिमीटर मिळतात. जाण्या-येण्याचं दुप्पट अंतर त्या 58 मध्येच धरलेलं आहे, त्यामुळे पुन्हा दोनने भागू नका.

इनपुट कॅप्चरचा फायदा एवढाच, पण तो फार मोठा आहे: एको पिनची पातळी बदलते त्याच क्षणी हार्डवेअर टायमरचा आकडा `ICR1` मध्ये उतरवून ठेवतं. प्रोसेसर तेव्हा दुसऱ्या कुठल्या इंटरप्टमध्ये अडकलेला असला तरी आकडा बिघडत नाही. म्हणून आयएसआरमध्ये, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, टायमरचा चालू आकडा `TCNT1` वाचणाऱ्यांना मी हात जोडतो. आयएसआरपर्यंत पोचायला जो उशीर होतो, तो टाळण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. `ICR1` वाचा. रायझिंग एजला `TCNT1 = 0` करण्याची सवयही सोडा, त्यात तोच उशीर मापात शिरतो. टायमर अखंड फिरू द्या आणि दोन आकड्यांची वजाबाकी करा.

90 सेंटिमीटरवरचं भूत

ही चूक माझी स्वतःची आहे आणि तिने माझे दोन दिवस खाल्ले.

एका कॉलेजच्या स्पर्धेसाठी अडथळा टाळणारी गाडी बनवत होतो. एक मीटरच्या आत काही आलं की थांबायचं आणि वळायचं, इतकंच काम. लॅबमध्ये आठवडाभर सुरळीत चालली. मैदानावर नेली आणि समोर पन्नास फूट मोकळी जागा असताना गाडी जागेवरच गोल गोल वळू लागली. आम्ही मॉड्यूल बदललं, मग दुसरं बदललं. सप्लायला कपॅसिटर लावले. सेन्सर जमिनीचा प्रतिध्वनी पकडतोय असं वाटून त्याला वर तिरका केला. काहीच फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप जोडून कच्चे काउंट छापले. आकडा 10400 ते 10500 च्या मध्ये घुटमळत होता. म्हणजे 90 सेंटिमीटर. गाडी हाताने उचलून चार पावलं पुढे नेली तरी 90, मागे आणली तरी 90. खरी भिंत असती तर आकडा हलला असता. तेव्हा लक्षात आलं की सेन्सर कशाचंच अंतर सांगत नाहीये.

हिशोब असा होता. टायमरला 8 चा प्रीस्केलर लावला होता, म्हणजे घड्याळाच्या दर आठ ठोक्यांना टायमरची एक टिक. 16 मेगाहर्ट्झला त्याने एक टिक अर्ध्या मायक्रोसेकंदाची होते आणि 65536 टिकांत, म्हणजे 32.768 मिलिसेकंदांत, टायमर पुन्हा शून्यावर येतो. चार मीटरवरच्या वस्तूचा पल्स 23 मिलिसेकंदांच्या आसपास असतो, तेव्हा एका फेरीत आरामात मावतो, असं मी गृहीत धरलं होतं. पण समोर काहीच नसलं की हे मॉड्यूल हार मानेपर्यंत एको पिन हाय ठेवतं आणि आमच्या मॉड्यूलचा तो वेळ 38 मिलिसेकंद होता. त्याच्या टिका होतात 76000. सोळा बिटांच्या वजाबाकीत त्यातून 65536 गळून पडतात आणि उरतात 10464. अर्ध्याने गुणा, 58 ने भागा: 90 सेंटिमीटर. लॅबमध्ये चार मीटरच्या आत कुठली ना कुठली भिंत असायचीच, म्हणून "काहीच नाही" ही स्थिती आठवडाभरात एकदाही आली नव्हती.

"अनसाइन्ड वजाबाकी ओव्हरफ्लो आपोआप सांभाळते" हे वाक्य जिथे तिथे वाचायला मिळतं. ते अर्धंच आहे. टायमर मध्येच शून्यावरून गेला तरी वजाबाकी बरोबर येते, पण दोन एजमधलं अंतर एका पूर्ण फेरीपेक्षा कमी असेल तरच. पल्स फेरीपेक्षा लांब झाला की उत्तर चुकतं, आणि दिसतं मात्र अगदी खरं.

यावर ओव्हरफ्लो इंटरप्ट लावून फेऱ्या मोजणारा कोड अनेक जण लिहितात. तो जमतो, पण कॅप्चर आणि ओव्हरफ्लो जवळजवळ एकाच वेळी आले तर आधी कुणाला मोजायचं, हे नीट सोडवावं लागतं आणि घाईत तिथेच नवी चूक होते. माझी सवय सोपी आहे: प्रीस्केलर 64. टिक 4 मायक्रोसेकंदांची होते, म्हणजे अंतरात मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि हा सेन्सर स्वतःच 3 मिलिमीटरच्या अचूकतेचा दावा करतो. फेरी होते 262 मिलिसेकंदांची. अर्ध्या मायक्रोसेकंदाचा हट्ट धरून या सेन्सरकडून जास्त काही मिळत नाही. मग 6000 काउंटच्या वरचं, म्हणजे 24 मिलिसेकंदांपेक्षा लांब असलेलं काहीही "समोर काही नाही" असं धरायचं. वेगवेगळ्या बनावटीची मॉड्यूल वेगवेगळा वेळ थांबतात, तेव्हा आपलं मॉड्यूल मोकळ्या आकाशाकडे तोंड करून एकदा तपासाच.

आर्डुइनोने आधीच लावून ठेवलेला टायमर

दुसरी चूक नवशिक्यांना सगळ्यात जास्त रडवते. डेटाशीट वाचून कोड लिहिला, तो दुसऱ्या बोर्डावर चालतो, पण आर्डुइनोच्या `setup()` मध्ये टाकला की कचरा येतो. कारण `setup()` सुरू होण्याआधीच आर्डुइनोने टायमर1 पीडब्ल्यूएमसाठी आठ बिटांच्या फेज करेक्ट मोडमध्ये टाकलेला असतो. टायमर 0 ते 255 चढतो आणि परत 0 पर्यंत उतरतो. तुम्ही `TCCR1B |= ...` करून आपले बिट जोडता, `TCCR1A` ला हातच लावत नाही, आणि मोड जुनाच राहतो.

ओळखायची खूण पक्की आहे: `ICR1` छापा, तो कधीच 255 च्या वर जात नाही. वजाबाकी मात्र कधी अगदी लहान येते, कधी 65 हजारांच्या घरात, म्हणून सेंटिमीटर बघून काहीच उमगत नाही. उपाय म्हणजे `|=` न वापरता दोन्ही रजिस्टर पूर्ण लिहायची:

```c
TCCR1A = 0;
TCCR1B = (1 << ICNC1) | (1 << ICES1) | (1 << CS11) | (1 << CS10);
TIFR1  = (1 << ICF1);
TIMSK1 = (1 << ICIE1);
```

`ICNC1` लावला की सलग चार नमुने सारखे आल्याशिवाय कॅप्चर होत नाही. त्याने होणारा उशीर दोन्ही एजना सारखाच असतो, म्हणून वजाबाकीत निघून जातो. लांब वायर असेल तर तो लावाच. आणि सर्वो लायब्ररीही उनोवर टायमर1 च वापरते, तेव्हा एकाच स्केचमध्ये दोघांना बसवू नका.

आयएसआर मी असा लिहितो:

```c
volatile uint16_t start, width;
volatile uint8_t done;

ISR(TIMER1_CAPT_vect) {
  uint16_t t = ICR1;
  if (TCCR1B & (1 << ICES1)) {
    start = t;
    TCCR1B &= ~(1 << ICES1);
  } else {
    width = t - start;
    done = 1;
    TCCR1B |= (1 << ICES1);
  }
  TIFR1 = (1 << ICF1);
}
```

शेवटची ओळ फालतू समजून पुसणारे खूप भेटतात. एज बदलली की कॅप्चरचा फ्लॅग आपण साफ करायचा, असं डेटाशीट स्पष्ट सांगते. नाही केला तर एज बदलतानाच खोटं कॅप्चर होऊ शकतं आणि मधूनच 0 किंवा 1 सेंटिमीटर उमटतं. फ्लॅग 1 लिहूनच साफ होतो, आणि तिथेही `|=` नको, साधा `=` हवा. `|=` मध्ये रजिस्टर वाचून परत लिहिलं गेलं, तर त्यातले बाकीचे उभे फ्लॅगही सोबत पुसले जातात.

थोडक्यात सांगण्यासारख्या

एको पिन उनोवर 8 नंबरलाच लागते, कारण `ICP1` तिथेच आहे. मेगावर `ICP1` बाहेर काढलेलीच नाही, तिथे टायमर4 साठी 49 आणि टायमर5 साठी 48.

`width` दोन बाइटचा आहे. मुख्य लूपमध्ये तो वाचताना इंटरप्ट बंद करून कॉपी घ्या, नाहीतर एक बाइट जुना आणि एक नवा असा आकडा हाती येतो.

गुणाकार करताना `(uint32_t)width * 4 / 58` असं लिहा. सोळा बिटांत तो 16383 काउंटच्या वर फुटतो.

दोन ट्रिगरमध्ये 60 मिलिसेकंद जाऊ द्या. घाई केलीत तर आधीच्या लहरीचा प्रतिध्वनी नव्या मापात येतो.

3.3 व्होल्टच्या बोर्डाला एको पिन थेट जोडू नका. 1 आणि 2 किलोओहमचा डिव्हायडर दोन मिनिटांत होतो.

आयएसआरमध्ये `Serial.print` नको.

उन्हाळा

हे सगळं बरोबर असूनही मे महिन्यात माप कमी येतं, आणि मग मुलं कोडमध्ये 58 चा 56 करून मोकळी होतात. ते मला अजिबात पटत नाही, कारण डिसेंबरात तोच कोड उलट चुकतो. आवाजाचा हवेतला वेग साधारण 331.3 + 0.606 × T मीटर प्रतिसेकंद असतो, T म्हणजे सेल्सिअसमधलं तापमान. 58 हा आकडा 22 अंशांच्या आसपासचा आहे. विदर्भातल्या दुपारी 40 अंशांत वेग 355.5 होतो. दोन मीटरवरच्या भिंतीचा पल्स तेव्हा 11.25 मिलिसेकंदांचा येतो आणि 58 ने भागल्यावर 194 सेंटिमीटर दिसतात. सहा सेंटिमीटर कमी. गाडीला त्याने काही होत नाही, पण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पातळी मोजायची असेल तर होतं. तिथे मी झाकणाच्या आतल्या बाजूला तापमानाचा सेन्सर लावतो आणि वेग दर वेळी काढतो. बाहेर सावलीत लावलेला चालत नाही, तापलेल्या काळ्या टाकीतली हवा त्याहून गरम असते.