सीलिअॅकचं निदान झालं, आता पहिल्या वर्षाची तयारी

सुरुवात स्वयंपाकघरातून नको, फाइलपासून करा. ग्लुटेन, म्हणजे गहू-बार्लीसारख्या धान्यातलं प्रथिन, बंद करण्याआधी लहान आतड्याची बायोप्सी करायची आहे, झाली आहे की तिची गरजच नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ग्लुटेन थांबलं की आतडं भरून येऊ लागतं आणि रक्तातल्या अँटिबॉडीजही उतरू लागतात, म्हणून बायोप्सी बाकी असेल तर तोवर नेहमीचंच खाणं चालू ठेवावं लागतं. मग निदानाच्या वेळचा टीटीजी-आयजीए, म्हणजे याच अँटिबॉडीज मोजणाऱ्या रक्तचाचणीचा, अहवाल शोधून काढा. त्यातला आकडा, प्रयोगशाळेचं नाव आणि तिथली वरची मर्यादा या तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. वेगवेगळ्या किटची एककं सारखी नसतात. एका ठिकाणचे ४० आणि दुसऱ्या ठिकाणचे ४० यांची तुलनाच होत नाही. पुढच्या सगळ्या तपासण्या शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करा. रक्तातल्या आयजीए या अँटिबॉडीचं एकूण प्रमाण मोजलं होतं का, तेही पाहा. ते मुळात खूपच कमी असेल तर टीटीजी-आयजीए नेहमीच खोटं ‘नॉर्मल’ दाखवेल, आणि पाठपुराव्यासाठी डीजीपी-आयजीजीसारखी आयजीजी गटातली चाचणी घ्यावी लागेल. फेरिटिन, फॉलेट, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांचे अहवालही याच फाइलमध्ये लावा. हाडांची घनता मोजायची का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

आता प्रमाण डोक्यात पक्कं करू, कारण इथेच बहुतेकांची चूक होते. गहू, बार्ली आणि राय या तिन्हींमधलं ग्लुटेन टाळायचं आहे. रवा, मैदा, दलिया, स्पेल्ट आणि ट्रिटिकेली ही याच कुटुंबातली नावं. रोज साधारण १० मिलिग्रॅमपर्यंतचं ग्लुटेन बहुतेक रुग्णांचं आतडं सहन करतं, पण रोज ५० मिलिग्रॅम सतत पोटात गेलं तर महिन्याभरात नाही तरी तीन महिन्यांत अस्तराला इजा होऊ शकते. आता ब्रेडच्या एका साध्या कापात सुमारे २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. रोजची सुरक्षित मर्यादा म्हणजे त्या कापाचा दोनशेवा भाग, ताटाच्या कडेला उरलेला चुरा. म्हणून ‘थोडंसं चालेल’ हे वाक्य या आहारात बसत नाही. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिण्यासाठी प्रचलित मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे. दिवसभरात असं अर्धा किलो अन्न खाल्लं तरी जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम होतात, या हिशेबावर ती मर्यादा टिकते.

लेबल वाचताना फक्त ‘गहू’ शोधू नका. ‘गहू-मुक्त’ म्हणजे ‘ग्लुटेन-मुक्त’ नव्हे, त्यात बार्ली असू शकते. सर्वांत जास्त फसवणारा शब्द आहे माल्ट. माल्ट अर्क, माल्ट फ्लेवर, माल्टची पेयं आणि माल्ट व्हिनेगर हे सगळं बहुधा बार्लीपासून येतं, आणि मक्याच्या कुरकुरीत नाश्त्यातही ते चवीसाठी घातलेलं असतं. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो. तयार सूप, ग्रेव्ही, सॉसेज, मसाल्यांची मिश्रणं आणि आइस्क्रीममध्ये घट्टपणासाठी किंवा भर म्हणून गव्हाचं पीठ घातलेलं सापडतं. माल्टोडेक्स्ट्रिन आणि ग्लुकोज सिरप मात्र गव्हापासून केलेले असले तरी प्रक्रियेत ग्लुटेन जवळपास निघून जातं, त्यांना घाबरायचं कारण नाही. औषधांच्या गोळ्यांमध्ये स्टार्च असतो. तो बहुधा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, तरी नेहमीच्या गोळ्यांबद्दल फार्मासिस्टला एकदा विचारा आणि उत्तर वहीत लिहा. ओट्सची गोष्ट वेगळी: मूळ धान्यात गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात आणि गिरणीत गहू मिसळतो. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून चाचणी झालेलेच घ्या, तेही तब्येत स्थिरावल्यावर, कमी प्रमाणात आणि डॉक्टरांना सांगून. थोड्या लोकांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

स्वयंपाकघरात नवं काय घ्यायचं ते थोडक्यात: स्वतःचा टोस्टर, स्वतःची गाळणी, लाकडी नसलेला पोळपाट, आणि लोण्या-जॅमची वेगळी बरणी. जॅमच्या बरणीत ब्रेडला लागलेला चमचा परत गेला की ती बरणी संपलीच समजा. तळणाचं तेल वेगळं ठेवा, कारण पिठात घोळवलेला पदार्थ तळलेल्या तेलात ग्लुटेन उरतं, उकळल्याने ते नाहीसं होत नाही. कोरडं पीठ उडणाऱ्या खोलीत तुमचं जेवण उघडं राहू देऊ नका. पण सगळ्यांत घातक जागा म्हणजे सामायिक गिरणी. तिच्यातून आणलेल्या तांदळाच्या पिठात फक्त एक टक्का गहू मिसळला, तर १०० ग्रॅम पिठात १ ग्रॅम गव्हाचं पीठ जातं आणि त्यातून साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन मिळतं. पीठ पांढरंच दिसतं, चवही बदलत नाही. धान्य घरीच दळा, किंवा चाचणी झालेलं बंद पाकीट घ्या.

आता रक्ततपासणी. पहिली साधारण सहा महिन्यांनी, दुसरी बारा महिन्यांनी, आणि आकडा नॉर्मल झाल्यावर वर्षातून एकदा. सुरुवातीचा आकडा खूप वर असेल तर नॉर्मल व्हायला वर्षापेक्षा जास्त, कधी दोन वर्षंही लागतात. म्हणून आकड्याइतकंच उताराकडेही लक्ष द्या. समजा, मर्यादा १० आहे आणि निदानाला तुमचा टीटीजी १६० होता. सहा महिन्यांनी ४८, बाराव्या महिन्यात २१: उतार चांगला आहे, घाबरू नका. पण अठराव्या महिन्यात पुन्हा २२ आला तर उतार थांबला आहे, आणि कुठून तरी ग्लुटेन येत राहिलंय असंच आधी धरा. पोट दुखत नाही म्हणून ते नाकारू नका. बऱ्याच जणांना नुकसान होत असताना काहीच जाणवत नाही. दोन आठवडे खाल्लेलं सगळं लिहा, प्रत्येक पाकिटाच्या मागचा फोटो काढा आणि वही आहारतज्ज्ञाकडे न्या. अशा शोधात नाश्त्यातला माल्ट अर्क आणि गिरणीतलं पीठ अशी दोन नावं पुढे आली, ती काढली आणि सहा महिन्यांनी आकडा ९ झाला, तर कारण तेच होतं असं म्हणता येतं.

मात्र नॉर्मल आकडा म्हणजे आतडं पूर्ण भरलं, असा त्याचा अर्थ नाही. अधूनमधून होणारी छोटी चूक ही चाचणी पकडत नाही, आणि अस्तर भरून यायला प्रौढांमध्ये काही वर्षं लागू शकतात. आहार नीट चालू असताना जुलाब, वजन घटणं किंवा लोह कमी राहणं सुरूच असेल, तर ‘आकडा नॉर्मल आहे’ या उत्तरावर थांबू नका. पुन्हा बायोप्सीची गरज आहे का, ते विचारा. सुरुवातीला दुधाने पोट फुगत असेल तर काही महिने दूध कमी करून पाहा, अस्तर सुधारलं की ते बहुधा परत सोसतं. आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही टीटीजी तपासणी करून घ्या, त्यांना लक्षणं नसली तरी, आणि त्यांनी तपासणीआधी ग्लुटेन बंद करायचं नाही हेही त्यांना आधीच सांगा.