ग्रोथ कर्व्हची स्लाईड समजावताना या चुका टाळा: चार फेज पाठ असतात, अँटिबायोटिक आलं की गाडी अडते

बीएस्सी मायक्रोच्या सेमिनारमधे ही स्लाईड दरवर्षी असतेच. तिरपी एस सारखी एक रेघ, तिच्यावर लॅग, लॉग, स्टेशनरी, डेथ अशी चार नावं, आणि पुढच्या स्लाईडवर त्याच रेघेला अँटिबायोटिकचा एक बाण. पहिली स्लाईड आमचे पोट्टे धडाधड म्हणून टाकतात, दुसरीवर एक्स्टर्नल मॅडम एवढंच विचारतात की हा बाण इथंच काहून मारला, थोडा पुढं मारला असता तर काय झालं असतं, आणि तिथं सगळे गप. खरं तर पूर्ण विषयातली मजा त्या बाणातच आहे, म्हणून इथं त्याच्यापर्यंत पोचेपर्यंतच्या चुका आणि पोचल्यावरच्या चुका लिहितोय, बाकी व्याख्या तुमच्या नोट्समधे आहेतच.

उभ्या रेघेवर काय आहे ते न सांगता सुरू करणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि निम्म्या बाकीच्या चुका हिच्याच पोटी जन्मतात. उभ्या अक्षावर दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे ओडी, म्हणजे कलरीमीटरवर दिसणारा गढूळपणा, आणि दुसरी म्हणजे सीएफयू, म्हणजे डायल्यूशन करून प्लेटवर टाकल्यावर ज्या पेशींची कॉलनी येते त्या, थोडक्यात विभागून वाढू शकणाऱ्या पेशी. कलरीमीटरला जिवंत-मेलेलं कळत नाही, त्याला फक्त आडवं येणारं काहीतरी कळतं. म्हणून मेलेली पण न फुटलेली पेशी ओडीत मोजली जाते, प्लेटवर नाही. तुम्ही प्रॅक्टिकलमधे ओडी घेतला आणि स्लाईडवर छान उतरती डेथ फेज काढली तर बघणाऱ्याला लगेच समजतं की ही रेघ रीडिंगमधून नाही, पुस्तकातून आली आहे, कारण ओडीवर डेथ फेज बरेचदा आडवीच राहते किंवा अगदी हळू उतरते.

एक हिशोब करून बघा. रात्रभर वाढवलेल्या ई. कोलायच्या कल्चरमधे मिलीला साधारण शंभर कोटी पेशी असतात. त्यातलं ०.१ मिली काढून १०० मिली ताज्या ब्रॉथमधे टाकलं की मिलीला दहा लाख झाल्या. समजा एक तास लॅग आहे आणि नंतर दर २० मिनिटांनी दुप्पट. आता साध्या कलरीमीटरला मिलीला साधारण एक कोटीच्या खालचं काही धड दिसत नाही, काटा शून्याजवळच डुलत राहतो. दहा लाखाचे एक कोटी व्हायला तीन-सव्वातीन वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे अजून साधारण ६६ मिनिटं. खरा लॅग एक तासाचा, पण तुमच्या ग्राफवर दोन तासांच्या वर सपाट रेघ येते आणि आपण बिनधास्त तिच्यावर लॅग लिहून मोकळे, त्यातल्या अर्ध्या वेळात पेशी पूर्ण जोरात वाढत होत्या तरी. हे पकडायचं असेल तर पहिल्या दोन तासात ओडीसोबत दर वीस-तीस मिनिटांनी प्लेटिंग करा, निदान चार पॉईंट तरी.

आणि अक्ष लॉगचा आहे की साधा, तेही सांगा. साध्या अक्षावर वरचं टोक शंभर कोटी असेल तर एक कोटीचा ठिपका एक टक्का उंचीवर बसतो, म्हणजे जमिनीलाच टेकलेला. तिथंही तोच खोटा लॅग दिसतो. लॉग अक्षावरच लॉग फेज सरळ रेघ होते आणि तिच्या चढावरून जनरेशन टाईम काढता येतो: शेवटच्या आकड्याचा लॉग वजा सुरुवातीचा लॉग, भागिले ०.३०१, म्हणजे किती पिढ्या झाल्या ते, आणि लागलेला वेळ भागिले पिढ्या म्हणजे जनरेशन टाईम. दहा लाखाचे शंभर कोटी झाले तर ३ भागिले ०.३०१, म्हणजे जवळपास १० पिढ्या, आणि त्याला २०० मिनिटं लागली तर एक पिढी २० मिनिटांची. हा २० चा आकडा चांगलं ब्रॉथ, ३७ डिग्री आणि शेकर असताना येतो. आपल्याकडं फ्लास्क इनक्यूबेटरमधे नुसताच ठेवलेला असतो, मधेच लाईन जाते, डिसेंबरात दार उघडं राहिलं की आतलं टेम्परेचर उतरते, तेव्हा ३०-४० मिनिटं किंवा जास्तच आली तर आली, तीच लिहा. पुस्तकातले २० लिहून खाली स्वतःचा ग्राफ लावला की दोन्ही जुळत नाही आणि प्रश्न तिथंच येतो.

लॅग म्हणजे झोप नाही

पेशी लॅगमधे आराम करतात असं म्हणू नका. त्या एन्झाईम, रायबोसोम बनवत असतात, आकाराने वाढतात, फक्त विभागत नाहीत. रात्रभरच्या जुन्या कल्चरमधून घेतल्या तर लॅग लांब, आणि लॉग फेजमधल्याच पेशी तशाच कोमट ब्रॉथमधे टाकल्या तर लॅग जवळजवळ नसतोच. फ्रीजमधून काढलेलं थंड ब्रॉथ सरळ वापरलं तर लॅग वाढतो, हे घरी विरजण लावणाऱ्या कोणालाही थंडीत कळतं, दूध कोमट नसलं तर सकाळी दही लागलेलं नसते. आणि दही आंबट होत होत शेवटी एका जागी का थांबतं, तर तिथं बॅक्टेरियांनी स्वतःच बनवलेलं आम्ल त्यांची वाढ थांबवतं, हेच स्टेशनरीचं एक कारण. दुसरं कारण खाऊ संपणं. स्टेशनरीत सगळं मेलेलं नसतं. काही विभागतात काही मरतात, आणि बऱ्याचशा नुसत्या न विभागता तग धरून असतात. हे पुढं लागणार आहे, लक्षात ठेवा.

अँटिबायोटिक टाकला की डेथ फेज आली, असं म्हणणं

नाही ना बाप्पा. डेथ फेज खाऊ संपून, घाण साचून आपोआप येते. औषधाने उतरलेली रेघ ही वेगळी गोष्ट आहे, तेव्हा फ्लास्कमधे खाऊ भरपूर असतो. दिसायला दोन्ही उतारच, पण कारण वेगळं, वेग वेगळा.

वरचाच फ्लास्क घ्या. तीन तास झाले की एक तास लॅग आणि दोन तासात सहा पिढ्या, म्हणजे दहा लाखाचे सहा कोटी चाळीस लाख. ओडी आता ०.१ च्या आसपास. इथं कल्चर चार भागात वाटा. एकात काहीच नाही, तो कंट्रोल, तो तसाच चढत जाऊन वर सपाट होईल. दुसऱ्यात क्लोरॅम्फेनिकॉल, ते रायबोसोम अडवते, प्रथिनं बनणं बंद, म्हणून सीएफयूची रेघ तिथंच आडवी पडते, ना चढ ना मोठा उतार. ही रेघ स्टेशनरीसारखी दिसते पण ती स्टेशनरी नाही, औषध धुवून काढलं की परत चढू लागते. तिसऱ्यात अँपिसिलिन. ते नवीन भिंत बांधायचं काम थांबवते, पण पेशीचे स्वतःचे भिंत कापणारे एन्झाईम चालूच राहतात, म्हणून भिंत कमकुवत होऊन पेशी फुटतात. म्हणून ओडी थोडा वेळ चढतो, मग उतरतो, आणि सीएफयू लॉग अक्षावर सरळ खाली येते. चौथ्यात जेंटामायसिन घ्या. इथं सीएफयू भराभर पडते पण पेशी फुटत नाहीत, म्हणून ओडी जवळपास आहे तिथंच. ओडी बघून कोणी म्हटलं की जेंटामायसिनने काही केलंच नाही तर ती सरळ चूक, आणि ही चूक मी दरवर्षी कोणाच्या तरी स्लाईडवर बघतो. सिप्रोफ्लॉक्सासिनमधे तर अजून गंमत, पेशी विभागत नाहीत पण लांब दोरीसारख्या वाढत जातात, त्यामुळं ओडी वर जातो आणि प्लेटवर कॉलनी कमी येतात. म्हणून औषधाची स्लाईड फक्त ओडीवर कधीच बनवू नका.

बाण कधी मारला

आता एक्स्टर्नल मॅडमचा प्रश्न. तोच अँपिसिलिन, तोच डोस, पण तीन तासांऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनरीतल्या फ्लास्कमधे टाकला तर रेघ फारच कमी उतरते, कधी जवळपास आडवीच. जी पेशी नवीन भिंत बांधतच नाहीये तिचं बांधकाम थांबवून काय होणार. पेनिसिलिन वाढणाऱ्या बॅक्टेरियांनाच मारतं हे १९४२ मधेच दाखवलं गेलं होतं, आणि १९४४ मधे जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकोकसवर पाहिलं की कल्चरवर भरपूर पेनिसिलिन टाकूनही थोड्याशा पेशी उरतात, आणि त्यांच्यापासून वाढवलेलं कल्चर परत पेनिसिलिनने तितकंच मरतं. यांना पर्सिस्टर म्हणतात. तुमच्या अँपिसिलिनच्या रेघेला खाली जाऊन जे आडवं शेपूट येते ते बरेचदा हेच.

त्या शेपटाला रेझिस्टन्स म्हणून मोकळं होऊ नका, तपासायची पद्धत सोपी आहे. उरलेल्या कॉलनी उचला, ताज्या ब्रॉथमधे वाढवा, लॉगमधे आल्या की परत तेवढंच अँपिसिलिन टाका. रेघ पहिल्यासारखीच उतरली तर पर्सिस्टर, आणि कंट्रोलसारखी चढत गेली तर रेझिस्टंट. आणि पहिल्याच वेळी अँपिसिलिनचा फ्लास्क कंट्रोलसोबत चढत गेला तर औषध जुनं झालेलं असू शकते किंवा स्ट्रेनकडे अँपिसिलिन तोडणारं बीटा-लॅक्टमेज एन्झाईम असू शकते, नाल्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यातून काढलेल्या ई. कोलायमधे हे नवल नाही. म्हणून ज्या स्ट्रेनची सेन्सिटिव्हिटी डिस्कवर आधी बघितली आहे तीच वापरा.

प्लेटिंगमधे एक खोड अजून. औषधाच्या फ्लास्कमधलं ०.१ मिली जसंच्या तसं प्लेटवर पसरवलं तर औषधही प्लेटवर गेलं, तिथंच पेशी अडकल्या आणि तुम्ही म्हणता सगळ्या मेल्या. हे ओळखायचं कसं, तर कमी डायल्यूशनच्या प्लेटवर कॉलनी नाहीत आणि दहापट जास्त डायल्यूशनच्या प्लेटवर आहेत, असं उलटं आलं की समजा औषध सोबत गेलं. सेंट्रिफ्यूज करून पेशी सलाईनने दोनदा धुवा, मग डायल्यूट करा. मोजायला ३० ते ३०० कॉलनीचीच प्लेट घ्या, चार कॉलनीवरून स्लाईडचा पॉईंट काढू नका.

राहिला डोस. एमआयसी, म्हणजे वाढ थांबवायला लागणारा कमीत कमी डोस, त्याच्या खालचा डोस असेल तर रेघ पडत नाही, फक्त लॅग लांबतो किंवा चढ कमी होतो. म्हणून बाणाच्या बाजूला तीन गोष्टी लिहाच: कोणतं औषध, मिलीला किती मायक्रोग्राम, आणि टाकताना सीएफयू किती होते.