एक्स्प्रेस वेने पुण्याहून मुंबईला निघण्याआधी: सगळ्यात पहिले टॅगमधले पैसे बघा

गाडीची कागदपत्रं, लायसन्स, पीयूसी, स्टेपनी, पाण्याच्या बाटल्या हे सगळं तुम्ही घेणारच आहात, त्यावर मी वेळ घालवत नाही. निघण्याआधी मोबाईल हातात घ्या आणि फास्टॅगच्या वॉलेटमध्ये किती रुपये आहेत ते बघा. वार्षिक पास आहे की नाही ते बघू नका. वॉलेटमधली शिल्लक बघा. आत्ता, हे वाचतानाच बघितलीत तर आणखी बरं.

डिसेंबरात आईला परळला दाखवायला न्यायचं होतं. साडेदहाची वेळ मिळाली होती, म्हणून सहालाच घर सोडलं. दर आठवड्याला माझं साताऱ्याला जाणं असतं, त्यामुळे ऑगस्ट 2025 मध्ये तीन हजारांचा वार्षिक पास सुरू झाला तेव्हा मी तो लगेच घेतला होता. त्यानंतर खेड शिवापूरला प्रत्येक वेळी फेरी पासातून वजा व्हायची, पैसे कापले जायचे नाहीत, आणि वॉलेटकडे बघायची माझी सवयच सुटली. त्यात किती उरलंय हे चार महिने मी उघडून बघितलं नाही. उर्सेचा नाका पार झाला. खालापूरला दांडा उठलाच नाही. बूथवरच्या मुलाने हातातलं मशीन काचेला लावून परत तपासलं आणि म्हणाला, "दादा, बॅलन्स नाही. डबल लागेल." मी म्हटलं, पास आहे ना. तो म्हणाला, "तो इथे चालत नाही." मागे गाड्या उभ्या राहिल्या, हॉर्न सुरू झाले. मी तिथेच मोबाईलवरून पाचशे भरले, बँकेचा मेसेजही आला, पण त्याच्या मशीनवर काही फरक पडेना. आई मागच्या सीटवरून विचारत होती, काय झालं रे, आणि मला तिला नीट उत्तरही देता येत नव्हतं. शेवटी दुप्पट पैसे रोख देऊन सुटलो. डॉक्टरांची वेळ गाठली, पण घाईत वाशीपर्यंत मी जशी गाडी चालवली तशी आईला बसवून कधीच चालवायला नको होती.

हे का झालं ते नीट समजून घ्या, कारण पास असणाऱ्या बहुतेकांची इथेच गफलत होते. वार्षिक पास चालतो तो राष्ट्रीय महामार्गांच्या आणि राष्ट्रीय एक्स्प्रेस वेंच्या नाक्यांवर. मुंबई–पुणे एक्स्प्रेस वे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे. समृद्धीही त्यांचाच. या दोन्हींवर पासातल्या फेऱ्या मोजल्या जात नाहीत, टोल सरळ वॉलेटमधून कापला जातो. टॅग एकच, काचेवरची पट्टी तीच, म्हणून आपल्याला वाटतं पास सगळीकडे लागू आहे. बरं, कमी शिल्लक असेल तर पहिला नाका पार होऊ शकतो आणि दुसऱ्यावर तुम्ही अडकता. तेव्हा पहिल्या नाक्यावर दांडा उठला म्हणून निर्धास्त होऊ नका.

हिशोब सांगतो. कारला एका बाजूचे दोन्ही नाके मिळून 320 रुपये, म्हणजे जाऊन-येऊन 640. वाशीच्या नाक्यावर ऑक्टोबर 2024 पासून कारला टोल नाही. पण दक्षिण मुंबईत जायचं म्हणून अटल सेतू घेतलात तर त्याचे एका बाजूचे 250 वेगळे, आणि तिथेही वार्षिक पास चालत नाही. मी आता बाराशेच्या खाली शिल्लक ठेवून पुण्याबाहेर पडत नाही. पैसे आदल्या रात्रीच भरा. रिचार्ज झाल्याचा मेसेज तुमच्या मोबाईलवर लगेच येतो, पण टॅग चालू झाल्याची माहिती नाक्याच्या यंत्रणेपर्यंत पोचायला वेळ जातो. नाका समोर दिसतोय आणि शेजारचा माणूस मोबाईलवरून पैसे भरतोय, याचा उपयोग होईलच असं नाही. शिल्लक बघताना टॅगचं स्टेटसही बघून घ्या. केवायसी अर्धवट राहिली असेल तर वॉलेटमध्ये पैसे असूनही टॅग बंद पडतो. टॅग काचेवर चिकटवलेलाच हवा, डॅशबोर्डवरून उचलून हाताने दाखवायचा नाही. आणि तरीही खिशात हजारभर रुपये रोख ठेवा.

टायरची हवा टायर थंड असताना तपासा. घराजवळच्या पंपावर, निघाल्या निघाल्या. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा भरा. गाडी भरलेली असेल तर त्याच स्टिकरवर जास्त वजनासाठीचा वेगळा आकडा असतो, तो घ्या. हवा कमी असली की टायरची बाजू सतत दबते, तापते, आणि शंभरच्या वेगात तासभर तापलेला टायर फुटतो. स्टेपनीतली हवा बघायला विसरू नका. डिझेल-पेट्रोल पुण्यातच भरा.

निघायची वेळ नीट ठरवा. शनिवारी सकाळी मुंबईहून येणारी बाजू घाटात तुंबते, रविवारी संध्याकाळी जाणारी. घाटात एखादा ट्रक बंद पडला तरी मागे रांग लागते, मग डॉक्टरची वेळ असो की विमान असो. घाईचं काम असेल तर मी गुगलच्या वेळेत एक तास वाढवून धरतो.

किवळ्याहून रस्त्यावर चढलात की तीन लेन दिसतील. डावी ट्रक-बसची, मधली कारची, उजवी फक्त ओव्हरटेकची. ओव्हरटेक झालं की मधल्या लेनमध्ये परत यायचं. "मी शंभरनेच चाललोय, मग उजवीकडे राहिलो तर काय बिघडलं" असं म्हणणाऱ्यांमुळेच मागचे डावीकडून घुसतात. प्रत्यक्षात ट्रक मधल्या आणि उजव्या लेनमध्येही भेटतात, हे खरं आहे. तेव्हा डिपर द्या आणि थांबा. डावीकडून काढू नका. ट्रकच्या डाव्या बाजूला ड्रायव्हरला जवळजवळ काही दिसत नाही, आणि तुम्ही तिथून पुढे सरकत असतानाच तो तुम्हाला जागा द्यायला डावीकडे येतो. लोणावळ्याला उतरायचं असेल तर दोन किलोमीटर आधीच डाव्या लेनमध्ये या. फाटा चुकला तर चुकू द्या. रिव्हर्स घेणारी गाडी मी माझ्यासमोर बघितली आहे, आणि ती मागून येणाऱ्या बसपासून कशी वाचली हे आठवलं तरी पोटात गोळा येतो.

घाटाआधीच्या फूड मॉलवर थांबा. भूक नसली तरी थांबा. घाटात थांबायला जागा नाही, कोंडी झाली तर तास-दोन तास गाडीतच बसावं लागतं, आणि सोबत वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर त्याचे हाल होतात. रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर, म्हणजे शोल्डरवर, धबधबा बघायला, फोन घ्यायला किंवा डुलकी काढायला गाडी लावू नका. तिथे उभ्या असलेल्या गाडीवर मागून ट्रक आदळल्याचे अपघात या रस्त्यावर पुन्हा पुन्हा झाले आहेत. गाडी बंदच पडली तर ती जमेल तेवढी डावीकडे घ्या, धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा, आणि सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा. मग 112 ला फोन.

आणि थांबलातच आहात तर चहा येईपर्यंत वॉलेट बघा. पुढे खालापूर आहे.

कॅमेरे. जुलै 2024 पासून या रस्त्यावर आयटीएमएस ही कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू आहे. वेग, बेल्ट, हातातला मोबाईल, लेन तोडणं, सगळं टिपलं जातं. कारला सपाटीवर शंभरची मर्यादा आहे आणि घाटात साठची. लोक चुकतात ते या साठला. घाट सुरू झाल्याचा बोर्ड जातो, पण पाय शंभरच्याच सवयीत राहतो, उतारावर गाडी आपोआप पळते, आणि रस्ता इतका रुंद आहे की ऐंशीसुद्धा हळू वाटतात. कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा आणि पुढे पुन्हा सुटायचं, ही युक्ती इथे चालत नाही, कारण दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही मोजला जातो. समजा कॅमेऱ्यांच्या दोन कमानींमध्ये दहा किलोमीटर आहेत. साठने गेलात तर दहा मिनिटं लागतात. तुम्ही आठ मिनिटांत पोचलात तर तुमची सरासरी पंचाहत्तर झाली, मग दोन्ही कमानींखालून तुम्ही भले पन्नासने गेला असाल. शिवाय कॅमेऱ्यासमोर एकदम ब्रेक मारणारा मागच्यालाही धोक्यात घालतो.

उतारावर वेग ब्रेकने धरून ठेवू नका, गिअरने धरा. तिसरा, तीव्र उताराला दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा एल वर घ्या, नाहीतर ती वरचा गिअर टाकून मोकळी पळते. जळक्या रबरासारखा वास आला, किंवा ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, तर ब्रेक तापले आहेत. गिअर खाली घ्या, वेग कमी करा, आणि घाट उतरल्यावर पहिल्या सुरक्षित जागी अर्धा तास थांबा. चाकांवर पाणी ओतू नका. न्यूट्रलमध्ये घाट उतरून डिझेल वाचवणाऱ्यांबद्दल मी बोलणार नाही, फक्त ते करू नका.

खालापूरच्या नाक्याआधी लेन लवकर निवडा, शेवटच्या क्षणी आडवं जाऊ नका. पुढच्या गाडीला चिकटू नका, तिचा टॅग चालला नाही तर तुम्हाला बाजूला व्हायला जागा हवी. पुढे पनवेल, कळंबोली. अटल सेतू घ्यायचा की वाशी, ते आधीच ठरलेलं असू द्या.

परतीला खालापूरचा नाका ओलांडल्यावर फूड मॉल आहे, तिथे थांबा. घाट चढताना एसीमुळे इंजिनाचा काटा वर गेला तर एसी बंद करा. अंधारात अप्पर लाइट मारत राहू नका. झोप येत असेल तर गाडी दुसऱ्याला द्या.

आणि मुंबईतून निघण्याआधी, पार्किंगमध्ये उभे असतानाच, वॉलेट. जाताना 320 गेले, सेतूने गेलात तर 250 आणखी गेले. येताना तेवढेच लागतील.