भजनी मंडळाची पुस्तिका: कोणता मजकूर मोकळा आणि कशाला परवानगी

छोट्या प्रकाशनसंस्थेत किंवा छापखान्याच्या संपादन विभागात नव्याने रुजू होणाऱ्याकडे पहिल्या वर्षातच येणारे एक काम म्हणजे भजनी मंडळाची, देवस्थानाची किंवा सोसायटीच्या गणेशोत्सवाची पुस्तिका. हे काम सोपे समजून नवख्याकडे दिले जाते, कारण मजकूर तयारच असतो: कोणीतरी वहीत उतरवलेला असतो, काही पाने जुन्या पुस्तकाच्या झेरॉक्सची असतात आणि उरलेला भाग मोबाइलवर आलेला असतो. माझ्या अनुभवात टंकनापेक्षा आणि मुद्रितशोधनापेक्षा जास्त वेळ लागतो तो यातला कोणता मजकूर कोणाचा आहे हे ठरवायला, आणि ते काम टंकनाला बसण्यापूर्वी उरकावे लागते. पाने लागल्यावर दोन गाणी काढायची वेळ आली, तर पुढची सगळी मांडणी हलते.

मंडळाकडून हमखास येणारे म्हणणे असे असते, की देवाचे गाणे आहे, त्याला कसली परवानगी? या समजुतीला थोडा आधारही आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ प्रमाणे खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात एखादे गीत गाणे किंवा सादर करणे म्हणजे हक्कभंग नव्हे. पण ही सवलत सादरीकरणापुरती आहे, छपाईला ती लागू होत नाही. जे गीत मंडळ दर एकादशीला निर्धास्तपणे गाते, तेच पुस्तिकेत छापायचे झाले तर हक्कदाराचे लेखी उत्तर लागू शकते. पुस्तिका विनामूल्य वाटायची आहे, हेही उत्तर पुरेसे नाही, कारण प्रती काढण्याचा हक्कच मुळात हक्कदाराचा असतो.

मुदतीचा नियम साधा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून साठ वर्षे हक्क चालतो आणि त्यानंतर मजकूर सर्वांसाठी मोकळा होतो. (पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती, ती १९९२ मध्ये वाढवली गेली, त्यामुळे जुन्या मार्गदर्शक पुस्तकांतला आकडा तसाच उचलू नये.) कर्त्याचे नाव कळत नसेल, तर साठ वर्षे पहिल्या प्रकाशनापासून मोजली जातात, आणि सरकारी प्रकाशनांनाही तोच हिशोब आहे. म्हणून मी मजकूर हाती आल्यावर आधी एक तक्ता करतो: रचना, कर्ता, मृत्यूचे वर्ष, ज्या छापील प्रतीवरून घेतली ती प्रत आणि तिचे वर्ष. मृत्यूचे वर्ष मराठी विश्वकोशातून किंवा दुसऱ्या विश्वासार्ह चरित्रनोंदीतून घ्यावे. भजनसंग्रहाच्या मलपृष्ठावरच्या माहितीवर विसंबू नये.

एक नेहमीच्या घडणीची पुस्तिका घेऊन हे पाहू. तीत हरिपाठ आहे, गणपतीच्या आणि विठ्ठलाच्या आरत्या आहेत, तुकोबांचे काही अभंग आहेत, गीताईचा बारावा अध्याय आहे, तुकडोजी महाराजांची एक प्रार्थना आहे, ‘इंद्रायणी काठी’ आहे आणि मुखपृष्ठासाठी विठ्ठलाचे एक रंगीत कॅलेंडरचित्र आहे.

हरिपाठ आणि अभंग यांचे मूळ शब्द मोकळे आहेत, याबद्दल वाद नाही. अडचण असते ती ते कोणत्या पुस्तकातून उचलले यात. संतांच्या रचनेवर आजच्या संपादकाने लिहिलेला अर्थ, टीपा, प्रस्तावना आणि निवडीवर दिलेली शीर्षके हे त्याचे स्वतःचे लेखन असते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भक्तिवेदांत बुक ट्रस्टच्या प्रकरणात हाच भेद स्पष्ट केला: श्रीमद्भगवद्गीतेच्या मूळ मजकुरावर कोणाचा कॉपीराइट असू शकत नाही, पण त्यावरील विवरण, सारांश आणि अन्वयार्थ यांना संरक्षण मिळते. म्हणून पुस्तिकेत मूळ तेवढे घ्यावे, आणि अर्थ हवाच असेल तर मंडळातल्या एखाद्या जाणकाराकडून नवा लिहून घ्यावा.

मूळ घ्यायचे तेही जुन्या प्रतीवरून. तुकोबांच्या अभंगांसाठी इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ ते १८७३ या काळात छापलेली गाथा आणि मुंबई सरकारने १९५० मध्ये काढलेली गाथा, या दोन्ही आधाराला घेता येतात. सरकारी गाथेचा हक्क २०१० अखेर संपला आहे. मात्र तिची नंतरची आवृत्ती हाती असेल, तर त्या आवृत्तीत नव्याने घातलेला भाग वेगळा काढावा लागतो. शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो मी नेहमी तक्त्यासोबत ठेवतो. नव्या संग्रहातून थेट नक्कल केली तर ती लपत नाही: त्या संग्रहातली एखादी छपाईची चूक, अनोखा शब्दक्रम किंवा एखादे कडवे गाळण्याची पद्धत जशीच्या तशी आपल्या पानावर येते. दोन जुन्या प्रती शेजारी ठेवून वाचल्या की अशा जागा लगेच दिसतात, आणि पाठही शुद्ध होतो.

आंतरजालावरच्या प्रतींबाबत एवढेच सांगतो, की तिथे मजकूर आहे म्हणजे तो मोकळा आहे असे नाही. archive.org वर वाचक स्वतः पुस्तके चढवतात, त्यामुळे नोंदीतल्या हक्काच्या रकान्यापेक्षा स्कॅनमधले शीर्षकपान महत्त्वाचे. mr.wikisource.org वर स्रोतग्रंथाचे स्कॅन शेजारी दिसत असेल तर ते फार उपयोगी पडते. sanskritdocuments.org वरची स्तोत्रे प्राचीन असली, तरी स्वयंसेवकांनी तयार केलेल्या त्या फाइली वैयक्तिक अभ्यासासाठी आहेत आणि परवानगीशिवाय व्यावसायिक वापर करू नये, अशी सूचना तिथे असते. स्तोत्र मोकळे असले, तरी ती फाइल जशीच्या तशी उतरवण्यापेक्षा जुन्या छापील पोथीवरून टंकन करून घेणे मला रास्त वाटते.

आरत्यांत शेवटची नाममुद्रा पाहावी. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ रामदासांच्या नावावर आहे आणि ‘युगे अठ्ठावीस’ नामदेवांच्या, त्यांची चिंता नाही. कर्ता न कळणारी स्थानिक दैवताची आरती असेल, तर साठ वर्षांहून जुन्या छापील संग्रहात ती सापडते का हे शोधावे. सापडली तर पुरावा मिळाला. सापडली नाही आणि भाषा अलीकडची वाटली, तर देवस्थानच्या जुन्या पुजाऱ्यांकडे किंवा कीर्तनकारांकडे चौकशी करावी, कारण अशा आरतीचा कर्ता पुष्कळदा त्याच गावात होऊन गेलेला असतो आणि त्याची मुले-नातवंडे हयात असतात.

आता ज्या तीन रचनांना प्राचीन समजून सर्रास छापले जाते, त्यांच्याकडे वळू. ‘इंद्रायणी काठी’ ऐकताना ती संतरचनाच वाटते, आणि मंडळाच्या वहीत तिच्या डोक्यावर ‘अभंग’ असे लिहिलेलेही मी पाहिले आहे. पण ती ग. दि. माडगूळकरांनी १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटासाठी लिहिली आणि भीमसेन जोशींनी गायली. माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी निवर्तले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. चित्रपटगीतात आणखी एक पेच असतो: हक्क वारसांकडे आहे, निर्मात्याकडे आहे की पुढे कोणाला विकला गेला आहे, हे मूळ करारावर अवलंबून असते. एकाने दिलेली परवानगी दुसऱ्याला बांधील नसते, म्हणून चित्रपटगीते अशा छोट्या पुस्तिकेतून वगळावीत असेच मी मंडळाला सुचवतो.

गीताई १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यामुळे ती जुनीच मानली जाते. पण मुदत प्रकाशनापासून नव्हे, तर मृत्यूपासून मोजायची आहे. विनोबा नोव्हेंबर १९८२ मध्ये गेले, म्हणजे २०४२ अखेरपर्यंत गीताई संरक्षित आहे. पूर्ण अध्याय छापायचा तर पवनारच्या परंधाम प्रकाशनाकडे पत्र पाठवून सुरुवात करावी. वेळ नसेल तर मूळ संस्कृत अध्याय किंवा सतराव्या शतकातल्या वामन पंडितांची समश्लोकी घेता येते. तुकडोजी महाराज ऑक्टोबर १९६८ मध्ये गेले, त्यामुळे ग्रामगीता आणि त्यांची भजने १ जानेवारी २०२९ ला मोकळी होतील. तोपर्यंत मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाकडे विचारणा करावी. याउलट दासगणू महाराज १९६२ मध्ये गेल्यामुळे श्रीगजाननविजय ग्रंथ १ जानेवारी २०२३ पासून भारतात मोकळा आहे, आणि हे अजून बऱ्याच मंडळांच्या लक्षात आलेले नाही.

मुखपृष्ठाचे चित्रही याच तक्त्यात यावे. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रे मोकळी आहेत. रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या देवदेवतांच्या चित्रांवरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे, मग ते चित्र घरोघरच्या भिंतीवर असले तरी.

परवानगीच्या पत्रात अध्याय किंवा कडवी, प्रतींची संख्या, किंमत किंवा विनामूल्य वाटप, पुनर्मुद्रणाचा विचार आहे की नाही, आणि पुस्तिकेची फाइल मोबाइलवर पाठवली जाणार आहे का, हे सगळे स्पष्ट लिहावे. फाइलचा मुद्दा मंडळे विसरतात, आणि वाद तिथूनच निघतो. कायद्याने परवाना लेखी असावा लागतो, म्हणून फोनवरचा होकार पुरत नाही. उत्तरात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. वर्षभरात छपाई झाली नाही तर, पत्रात वेगळे काही ठरले नसल्यास, हक्क बाद होऊ शकतो. दर काही वर्षांनी पुस्तिका पुन्हा काढणाऱ्या मंडळाने मुदत पत्रातच मागून घ्यावी.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाची मागणी आली, तर हिशोब त्या देशाचा लागतो. अमेरिकेत जुन्या प्रकाशनांची मुदत सर्वसाधारणपणे प्रकाशनापासून पंच्याण्णव वर्षे असते, आणि १९९६ च्या आरंभी भारतात संरक्षित असलेल्या कृतींना तिथे तो हक्क पुन्हा बहाल झालेला आहे. श्रीगजाननविजय १९३९ मध्ये पूर्ण झाला, त्यामुळे भारतात मोकळा असलेला हा ग्रंथ अमेरिकेत निदान २०३४ अखेरपर्यंत मोकळा धरता येत नाही. अशा मंडळाची प्रत भारतात छापून तिकडे पाठवायची असली तरी मी हा मुद्दा अंदाजपत्रकासोबत लेखी कळवतो आणि त्यांचे उत्तर आल्यावरच पाने लावायला घेतो.