नोकरी सोडताना या चुका टाळा: हिशोब, ग्रॅच्युइटी आणि अनुभवपत्र एकाच गाठोड्यात बांधू नका

राजीनामा दिल्यावर इंदूरच्या बहुतेक कंपन्यांत एचआरकडून एकच वाक्य ऐकू येतं: ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांत होईल, ग्रॅच्युइटी आणि लेटर त्याच्यासोबतच मिळेल.’ माणूस मान डोलावतो, घरी येतो आणि वाट बघायला लागतो. पुढचे बहुतेक घोळ या मान डोलावण्यातून सुरू होतात. राहिलेला पगार, ग्रॅच्युइटी आणि अनुभवपत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीची मुदत वेगळी, आधार वेगळा आणि अडकली तर जायचं ठिकाणही वेगळं. कंपनीला त्या एकत्र ठेवणं सोयीचं पडतं, कारण मग लेटर हवं म्हणून माणूस पैशांबद्दल गप्प बसतो.

पंचेचाळीस दिवस हा कंपनीच्या धोरणातला आकडा आहे, कायद्यातला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा असो वा कंपनीने काढलेलं असो, राहिलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. ग्रॅच्युइटीची मुदत तीस दिवसांची आहे आणि ती पगाराचा हिशोब पूर्ण होण्यावर अवलंबून नाही. ‘अजून फुल अँड फायनल क्लिअर झालेलं नाही’ हे ग्रॅच्युइटी न देण्याचं कारण होऊ शकत नाही. ‘एलआयसीकडून रक्कम आलेली नाही’ हेही नाही. कंपनीने ग्रुप पॉलिसी काढली असेल तर तो तिचा आणि विमा कंपनीचा मामला. देणं लागते ती कंपनी.

शेवटची तारीख तोंडी ठरवणं

‘साहेब हो म्हणाले’ यावर निघून जाणारे बरेच भेटतात. नंतर कंपनी म्हणते, तुम्ही नोटीस पूर्ण केली नाही, तुम्ही न सांगता गेलात. त्यामुळे राजीनामा मेलने पाठवा, त्यात शेवटचा दिवस तारखेसह लिहा आणि तो मान्य झाल्याचं उत्तर मिळवा. उत्तर येत नसेल तर स्वतःच आठवणीचा मेल टाका: ‘अमुक तारखेच्या राजीनाम्यानुसार माझा शेवटचा दिवस ३१ जानेवारी आहे, यात काही वेगळं असल्यास कळवावं.’ लॅपटॉप, ओळखपत्र, सिम, गेटपास परत केल्याची सही-तारखेची पावती घ्या. नो-ड्यूजचा कागद स्टोअरमध्ये अडकून राहण्याचं नेहमीचं कारण हीच न घेतलेली पावती असते.

पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि नेमणूकपत्र शेवटच्या दिवसाआधीच स्वतःकडे उतरवून ठेवा. संध्याकाळी सहाला मेल बंद होतो, आणि मग स्वतःच्याच पगाराच्या पावतीसाठी विनवण्या कराव्या लागतात. कंपनीचं काम मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तेवढ्यावरून उलट तुमच्यावरच नोटीस निघू शकते.

आकडा न तपासता घेणं

एक हिशोब सविस्तर मांडतो. समजा, सुदामानगरात राहणाऱ्या एका ताई सांवेर रोडवरच्या कारखान्यात अकाउंट्स बघतात. ३ जून २०१९ ला लागल्या, ३१ जानेवारी २०२६ ला सोडलं. महिन्याचा एकूण पगार ४२,००० रुपये; त्यात बेसिक १८,००० आणि उरलेले २४,००० घरभाडं, वाहन वगैरे भत्त्यांचे.

ग्रॅच्युइटीचं सूत्र जुनंच आहे: शेवटचं मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. कंपनीच्या कागदावर बेसिक १८,००० आणि वर्षं सहा धरली होती, म्हणून रक्कम आली ६२,३०८ रुपये. यात दोन चुका आहेत.

पहिली वर्षांची. सहा वर्षांवर जवळजवळ आठ महिने झाले आहेत. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा असतो, म्हणजे वर्षं सात. दुसरी वेतनाची. नव्या संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली आहे. वेतनातून वगळायचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असले, तर वरची रक्कम वेतनात परत मिळवायची. ४२,००० चे निम्मे २१,०००, भत्ते २४,०००, जास्तीचे ३,००० बेसिकमध्ये मिळवले की वेतन २१,००० होतं. आता हिशोब: २१,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे १२,११५ रुपये आणि काही पैसे, गुणिले सात, एकूण ८४,८०८ रुपये. फरक साडेबावीस हजारांचा. वेतनाची नवी व्याख्या २१ नोव्हेंबर २०२५ नंतर सोडणाऱ्यांसाठी आहे. त्याआधी सोडलेल्यांचा हिशोब बेसिक आणि महागाई भत्त्यावरच होतो.

तारखाही बघा. ३१ जानेवारीला शनिवार होता. रविवारची सुट्टी धरली तर राहिलेला पगार ३ फेब्रुवारीपर्यंत यायला हवा होता, आणि ग्रॅच्युइटी २ मार्चपर्यंत. त्यानंतर ग्रॅच्युइटीवर साधं व्याज चढतं. आजवर चालत आलेल्या १० टक्के दराने ते महिन्याला सातशेच्या आसपास होतं. कंपनी ते स्वतःहून क्वचितच देते; अर्जात वेगळं मागावं लागतं.

नोटीस कमी पडली तर कंपनी तिचे पैसे कापते. ते कशावर कापायचे, एकूण पगारावर की बेसिकवर, हे नेमणूकपत्रात असतं, आणि कापणारा ते वाचतोच असं नाही. पण ही कपात पगाराच्या हिशोबातून व्हायला हवी. ग्रॅच्युइटीला त्यासाठी हात लावता येत नाही. ती रोखता येते ती नोकरीवरून काढून टाकलेल्या माणसाची, तेही जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने नुकसान केलं, हाणामारी केली किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला तरच. घाईत राजीनामा देणं त्यात बसत नाही.

ग्रॅच्युइटीसाठी असलेली पाच वर्षं नोकरीची अट ज्यांची थोडक्यात हुकते, त्यांच्यासाठी एक सल्ला. चार वर्षं आणि २४० दिवस भरले की पाचवं वर्ष पूर्ण, असं मद्रास उच्च न्यायालयाने मानलं आहे आणि लोक तेवढ्यावर निश्चिंत होतात. पण तुमची कंपनी ते मानेल याची खात्री नाही, आणि मग पुढची दोन वर्षं तारखांमध्ये जातात. चार वर्षं नऊ महिने झाले असतील तर नव्या कंपनीकडून जॉइनिंग तीन महिने पुढे ढकलून मागा. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर मात्र नव्या संहितेत एका वर्षानंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते.

‘आता काही घेणं नाही’ यावर सही

चेकसोबत एक छापील कागद येतो: सर्व रक्कम मिळाली, यापुढे कोणताही दावा नाही. रक्कम बरोबर असेल तर सही करा. नसेल तर सहीवर तुमच्या हाताने लिहा, ‘रक्कम हरकत राखून स्वीकारली, ग्रॅच्युइटीचा फरक बाकी.’ असं लिहू देत नसतील तर रक्कम खात्यात जमा करायला सांगा आणि त्याच दिवशी हरकतीचा मेल पाठवा. कायद्याने मिळणारी ग्रॅच्युइटी अशा सहीने बुडत नाही, पण आधीच लिहून ठेवलेली हरकत पुढची बरीच वादावादी वाचवते.

चुकीच्या दारात जाणं

उशीर झाल्यावर लोक आधी फोन करत राहतात, मग सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार टाकतात. हेल्पलाइनने विभागाला जाग येते, पण ती तक्रार म्हणजे दावा नव्हे. नोकरी सोडल्यापासून तीस दिवसांच्या आत कंपनीला ग्रॅच्युइटीचा लेखी अर्ज द्या, ज्याला लोक अजून फॉर्म आय म्हणतात. त्यात नोकरीच्या दोन्ही तारखा, शेवटचं वेतन, मागितलेली रक्कम आणि बँक खातं लिहा. मेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने पाठवा, पोस्टाची पावती जपा. खरं तर अर्ज नसला तरी रक्कम ठरवून देणं हे कंपनीचंच काम आहे; पण तारीख सिद्ध करायला तो उपयोगी पडतो.

उत्तर आलं नाही, नकार आला किंवा रक्कम कमी आली, तर ग्रॅच्युइटीच्या नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. हिंदी कागदांवर ग्रॅच्युइटीला ‘उपदान’ म्हणतात, तो शब्द दिसला की गोंधळू नका. जुन्या नियमांत यासाठी ९० दिवस दिले आहेत. उशिराला सबळ कारण असलं तर तो माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये.

हा प्राधिकारी कोण, इथे इंदूरची माणसं हटकून चुकतात. तुम्ही राहता लोकमान्यनगरात, पण कंपनीची बस रोज पीथमपूरला नेत असेल तर तुमचं कामाचं ठिकाण धार जिल्ह्यात आहे आणि अर्जही तिथल्या श्रम कार्यालयात. देवासच्या कारखान्याचंही तसंच. एमजी रोडवर श्रमायुक्तांचं मुख्य कार्यालय आहे म्हणून सगळे तिकडे जातात आणि तिथून परत पाठवले जातात. दुसरा फाटा असा: कंपनीच्या शाखा एकाहून जास्त राज्यांत असतील, तर ग्रॅच्युइटीसाठी अधिकार केंद्राच्या श्रम यंत्रणेकडे जातो, राज्याच्या नव्हे. त्यासाठी केंद्राचं ‘समाधान’ पोर्टल आहे. राहिलेल्या पगाराचा दावा मात्र अशा खासगी कंपनीच्या बाबतीतही बहुतेक वेळा राज्याच्याच श्रम कार्यालयात जातो आणि त्याला तीन वर्षांची मुदत आहे. म्हणजे एकाच कंपनीविरुद्ध दोन दारं. दोन्ही अर्ज एका कागदावर लिहू नका. प्राधिकाऱ्याने आदेश देऊनही कंपनीने पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा दाखला कलेक्टरकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

अनुभवपत्रासाठी पैशांवर पाणी सोडणं

इथे कायद्याचा आधार सर्वांत अशक्त आहे, हे आधीच सांगतो. कारखान्यातला कायम कामगार नोकरीच्या नियमांच्या, म्हणजे स्थायी आदेशांच्या आधारे सेवा प्रमाणपत्र मागू शकतो. ऑफिसातल्या माणसाच्या हातात मुख्यतः नेमणूकपत्र आणि कंपनीचं धोरण असतं. म्हणून पत्र मागताना भांडू नका, मजकूरच लिहून पाठवा: नाव, पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, एवढ्या दोन ओळी. कौतुकाची वाक्यं मागितली की फाइल वरिष्ठांकडे जाते आणि तिथेच राहते.

तरीही मिळत नसेल तर नव्या कंपनीला पर्यायी कागद द्या: नेमणूकपत्र, पहिली आणि शेवटची पगाराची पावती, राजीनामा मान्य केल्याचा मेल आणि पीएफची सेवा-नोंद. पीएफमध्ये सोडल्याची तारीख कंपनीने टाकलेली नसेल, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः टाकू शकता. सदस्य पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit` निवडा. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली द्या आणि दोनदा बघून द्या, कारण चुकली तर ती बदलायला वेगळी खटपट करावी लागते.