दाखल्यांच्या हंगामात जादा माणूस कोणत्या टेबलावर? डॅशबोर्ड वाचण्याआधीची आणि वाचतानाची तयारी

दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांची आवक वाढते. मग आठवड्याच्या बैठकीत ठरलेला प्रश्न येतो: दुसऱ्या शाखेतून एखादा माणूस मिळणार असेल, तर त्याला बसवायचे कुठे? उत्तर बहुतेक वेळा डॅशबोर्डवर असते, पण सर्वांत मोठ्या लाल पट्टीत ते क्वचितच सापडते. सोमवारी निर्णय घ्यायचा असेल तर खालची तयारी शुक्रवारपासून करावी.

पहिले काम म्हणजे सेवा वेगळ्या काढणे. उत्पन्न आणि अधिवासाचा दाखला तहसीलदारांच्या स्वाक्षरीने निघतो. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर मात्र पुढे प्रांतांकडे जातात. या सगळ्यांची बेरीज एकाच आलेखात दिसत असेल तर प्रांत कार्यालयातली रांग तुमच्या नावावर चढते, किंवा तुमची रांग त्या गर्दीत झाकली जाते. प्रत्येक सेवेची मुदतही वेगळी आहे. इथून पुढे फक्त उत्पन्नाचा दाखला घेऊ, मुदत १५ दिवस.

दुसरे, वय कधीपासून मोजले जाते ते तपासा. काही अहवाल अर्ज शुल्कासह दाखल झाल्याच्या दिवसापासून मोजतात, काही सध्याच्या टेबलावर आल्यापासून. अर्जदाराला मुदत पाळून दाखला मिळेल की नाही हे पहिला आकडा सांगतो, अर्ज अडला कुठे हे दुसरा. दोन्ही लागतात, आणि आलेखाच्या शीर्षकावरून कोणता आहे ते नेहमी कळत नाही. पाच-सहा ओळखीचे अर्ज क्रमांक उघडून तारखा हाताने मोजा, म्हणजे शंका उरत नाही. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. सलग १५ दिवसांत कामाचे दिवस १० किंवा ११ च येतात, सुट्टी आली तर त्याहून कमी. माणसाच्या कामाचा हिशेब करायचा तर वय कामाच्या दिवसांत लागते. यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेतली, दाखल तारीख `A2` मध्ये आणि सुट्ट्यांच्या तारखा `H` स्तंभात ठेवल्या, की हे सूत्र पुरते:

```
=NETWORKDAYS(A2,TODAY(),$H$2:$H$10)-1
```

शेवटी एक वजा करायचा कारण हे सूत्र पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरते.

तिसरे, वयाच्या आलेखातले गट मुदतीला धरून बदलून घ्या. ०–३०, ३१–६०, ६१–९० दिवस असे तयार गट १५ दिवसांच्या सेवेला निरुपयोगी आहेत, सगळे अर्ज पहिल्याच पट्टीत बसतात आणि चित्र छान दिसते. मुदत सलग दिवसांत मोजली जाते, म्हणून इथे कामाचे नव्हे तर दाखल तारखेपासूनचे सलग दिवस धरून ०–५, ६–१०, ११–१३, १४–१५ आणि १५ च्या पुढे असे गट ठेवा. ११–१३ ची पट्टी सगळ्यांत कामाची. तिथले अर्ज अजून वाचवता येतात.

सरासरी वयावर विसंबू नका. टेबलावरच्या माणसाने सोपे, नवे अर्ज भराभर काढले तर निर्गतीचा आकडा चांगला दिसतो आणि उरलेल्या अर्जांचे सरासरी वय वाढते. उलट त्याने नेटाने जुने अर्ज हातावेगळे केले तर त्या आठवड्यात दाखला द्यायला लागलेला सरासरी वेळ वाढलेला दिसतो, आणि चांगले काम करणाऱ्यालाच जाब विचारला जातो. म्हणून पट्ट्यांचा आकार पाहा, तोही दोन सोमवारांचा शेजारी ठेवून, कार्यालय उघडण्यापूर्वीच्या एकाच वेळेचा. दुपारच्या आकड्याची सकाळच्या आकड्याशी तुलना केली तर अर्ध्या दिवसाचे काम वाढ किंवा घट म्हणून मोजले जाते.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. सोमवारी सकाळी डॅशबोर्ड ८०० प्रलंबित दाखवतो, त्यातले ७० मुदतीबाहेर. तीन टेबले आहेत: कागदपत्र तपासणीला दोन कारकून, मग नायब तहसीलदारांची छाननी, शेवटी तहसीलदारांची डिजिटल स्वाक्षरी. ८०० पैकी ११५ अर्ज त्रुटीसाठी अर्जदाराकडे परत गेलेले आहेत. ते आधी बाजूला काढा, कारण तुमच्याकडचा कोणताही जादा हात ते पुढे सरकवू शकत नाही. राहिले ६८५: तपासणीत ४००, छाननीत ६०, स्वाक्षरीला २२५.

मुदतीबाहेरच्या ७० चे काय? त्यातले ५२ त्या परत गेलेल्या ११५ मध्येच आहेत. उरलेले १८ छाननीत आहेत, आणि गावनिहाय लावले तर सगळे एकाच सजातले निघतात, तलाठ्यांच्या चौकशी अहवालासाठी थांबलेले. म्हणजे लाल पट्टीतल्या एकाही अर्जाला जादा कारकून नको. ५२ अर्जदारांना संदेश जायला हवा आणि त्या सजात कोणी रजेवर आहे का, कार्यभार कोणाकडे, हे विचारणारा एक फोन हवा. लाल पट्टी पाहून माणूस छाननीला दिला असता तर तो त्याच १८ अर्जांपुढे बसून राहिला असता.

पुढे स्वाक्षरीचे २२५. आकडा भीतीदायक, पण गेल्या आठवड्यांचा आलेख करवतीच्या दातांसारखा आहे: मंगळवारी संध्याकाळी शून्य, मग रोज ७५ ने चढ, पुन्हा मंगळवारी शून्य. स्वाक्षरी आठवड्यातून एकदा, एकत्र होते. बुधवार, गुरुवार, शुक्रवारचे ७५-७५ म्हणजे सोमवारी सकाळचे २२५. ही साठलेली थकबाकी नाही, वेळापत्रक आहे. मात्र त्याची किंमत आहे. बुधवारी छाननीतून सुटलेला अर्ज पुढच्या मंगळवारपर्यंत थांबतो, जास्तीत जास्त कामाचे पाच दिवस. स्वाक्षरी मंगळवार आणि शुक्रवार अशी दोनदा ठेवली तर ही थांब तीन दिवसांवर येते, एकही माणूस न वाढवता. माणूस मागण्याआधी हे मागा.

खरी गोष्ट तपासणीच्या टेबलावर आहे. तिथे एकही अर्ज मुदतीबाहेर नाही, त्यामुळे नजर जात नाही. पण थकबाकीचा आलेख पाहा: गेल्या सोमवारी ३००, या सोमवारी ४००. रोज १२० अर्ज येतात, दोघे मिळून १०० हातावेगळे करतात. रांगेतले अर्ज भागिले रोजची निर्गती म्हणजे शेवटच्या अर्जाची थांब. ४०० भागिले १०० म्हणजे कामाचे चार दिवस. छाननीचा एक आणि स्वाक्षरीचे पाच धरले तर कमनशिबी अर्जाला दहा दिवस लागतात, आणि मुदतीत कामाचे दिवस तर १० किंवा ११ च आहेत. रांग आठवड्याला १०० ने, म्हणजे थांबीच्या एका दिवसाने, वाढते आहे. काहीच केले नाही तर दोन आठवड्यांत साधे, बिनत्रुटीचे अर्जही मुदत ओलांडू लागतील. वयाच्या आलेखात हे तेव्हा दिसेल, थकबाकीच्या आलेखात आजच दिसते.

माणसे किती? आवक-निर्गतीची तूट रोज २० ची. त्यावर, रांग दहा कामाच्या दिवसांत ४०० वरून २०० वर आणायची तर रोज आणखी २०. एकूण गरज रोज ४० अर्जांची. सरावलेला कारकून दिवसाला ५० काढतो, म्हणजे एक माणूस पुरतो. नवा असेल तर पहिले तीन-चार दिवस निम्माच वेग धरा आणि जुन्या कारकुनाचा शिकवण्यात जाणारा वेळही वजा करा. त्याचे लॉगिन आणि तपासणीचा अधिकार आधीच मिळालेला असू द्या. माणूस सोमवारी आला आणि लॉगिन गुरुवारी, हे फार वेळा होते, आणि दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करू देणे हा त्यावरचा उपाय नाही.

इथेच थांबू नका, पुढचे टेबल तपासा. तपासणीतून सध्या चारातला एक अर्ज त्रुटीसाठी परत जातो, म्हणून १०० पैकी ७५ छाननीत पोहोचतात. रोज १४० तपासले तर १०५ पोहोचतील. छाननीची क्षमता किती? रोज ७५ निघतात म्हणून ७५ नव्हे, तेवढेच येत होते म्हणून तेवढेच निघत होते. क्षमता कळते ती रांग लागलेल्या दिवशी. समजा तशा दिवशी ९० निघाले होते. म्हणजे रोज १५ अर्ज तिथे अडतील, दहा दिवसांत १५०. सहा तासांत ९० म्हणजे तासाला १५, तेव्हा दुसऱ्या नायब तहसीलदारांचा रोज एक तास मागून ठेवा. हे विसरले की रांग फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते.

परत जाणाऱ्या अर्जांकडे स्वतंत्रपणे पाहा. ते दुरुस्त होऊन पुन्हा तपासणीतच येतात. रोजच्या १२० मध्ये असे २५ असतील, तर एका कारकुनाचा अर्धा दिवस एकच अर्ज दुसऱ्यांदा पाहण्यात जातो. त्रुटीची कारणे केंद्रनिहाय लावा. अस्पष्ट स्कॅन किंवा उत्पन्नाचा पुरावा न जोडणे ही कारणे दोन-तीन सेवा केंद्रांवर एकवटलेली आढळली, तर जादा माणूस तीन दिवस तिथे पाठवणे कार्यालयात बसवण्यापेक्षा फायद्याचे ठरू शकते. तूट २० ची आहे आणि परत येणारे २५ आहेत, हे विसरू नका.

माणूस बसल्यावर पहिले दोन आठवडे मुदतीबाहेरच्या आकड्यावरून त्याचे मोजमाप करू नका. रोज सकाळी तपासणीची रांग पाहा. सराव झाल्यावरही ती उतरली नाही तर आवक वाढली का ते आधी तपासा. अचानक फार उतरली तर नामंजूर आणि परत केलेल्यांचे प्रमाण पाहा, कारण अर्ज घाऊक परत पाठवले तरी आलेख तसाच उतरतो. तपासणीची रांग सलग दोन सोमवार २०० च्या खाली राहिली आणि परत येणाऱ्यांचे प्रमाण घटले असेल, तर माणूस मूळ शाखेला परत द्या. प्रमाण तसेच असेल तर रोज २० ची तूट कायम आहे, तेव्हा त्याचा अर्धा दिवस हंगाम संपेपर्यंत राखून ठेवा आणि तसे त्याच्या शाखाप्रमुखांना आधीच कळवा.